विकलेली उतारू

बसमध्ये दिवे बंद होते. तीन रांगांत वर-खाली बिछाने, प्रत्येकावर एक माणूस पांघरुणात गुरफटलेला, आणि प्रत्येकाचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत उशाशी. अशा वासात आणि अंधारात श्यांग त्साइमेइला झोप लागणं कठीणच होतं, पण चोवीस तासांच्या प्रवासानं तिला गाठलं. आणि नेमका डोळा लागल्यावरच कंडक्टरनं तिच्या पायाला हात लावून हलवलं.

"मातांगवाले उठा! मातांगवाले! लवकर, गाडी इथं थांबवायला परवानगी नाही, वर कॅमेरा आहे!"

त्साइमेइ उठली ती थेट उभीच राहिली आणि वरच्या बिछान्याच्या लोखंडी कडेवर तिचं डोकं आपटलं. चौदा वर्षं ती याच मार्गानं येत होती. क्वांगतुंगमधल्या बुटांच्या कारखान्यापासून हुपेईच्या पश्चिम डोंगरापर्यंत. ही बस पुढे छोंगछिंगकडे जाते, गावात शिरत नाही. द्रुतगती मार्गाच्या कडेला, बाहेर पडायच्या वाटेपाशी माणसं उतरवते आणि निघून जाते. खाली शिरली तर टोल भरावा लागतो आणि वेळ जातो. हे सगळं तिला पाठ होतं. म्हणून तिनं काही विचारलं नाही. बूट पायात घातले, दोन गाठोडी आणि लाल पट्ट्यांची मोठी पिशवी ओढत ती खाली उतरली. तिच्या मागून आणखी दोघं उतरले, इमारतींच्या कामावरून परतणारे गडी, खांद्यावर गोणपाटाच्या वळकट्या घेतलेले.

"पुढचं मातांगला बाहेर पडायचं तोंड धुक्यानं बंद केलंय," दार बंद होता होता कंडक्टर म्हणाला. "म्हणून इथंच. खाली गाड्या उभ्या आहेत, काळजी करू नका. लेकीच्या लग्नाची मिठाई आम्हालाही ठेवा, ताई!"

बस निघून गेली, तिचे लाल दिवे धुक्यात विरघळले. तेव्हा त्साइमेइनं मान वर करून निळी पाटी वाचली. पाटीवर मातांग नव्हतं. छाडियन होतं.

छाडियन म्हणजे मातांगच्या अलीकडचं तोंड. द्रुतगती मार्गानं जायचं तर बोगद्यांतून पंचवीस मिनिटं. पण खाली उतरल्यावर जुन्या रस्त्यानं जायचं तर घाट चढायचा, घाट उतरायचा आणि दोन नद्या ओलांडायच्या. धुक्याच्या रात्री दोन तास, कधी तीनही. आणि सकाळी उजाडताना तिच्या मुलीला, यानलीला, नवऱ्याकडची माणसं घेऊन जाणार होती.

तिच्या डोंगरात मुलगी अशी सुखासुखी जात नाही. आदल्या रात्री ती रडते. म्हणजे नुसती रडत नाही, गाते. आईजवळ बसून, मावशा-काक्या आणि मैत्रिणी भोवती घेऊन ती आयुष्यभराचा हिशेब गाण्यात मांडते, आणि आई तिला गाण्यातच उत्तर देते. कोणी म्हणतात, आता शहरात हॉटेलात लग्नं होतात, कोणाला येतं ते गाणं. पण यानली डोंगरातच वाढली होती आणि तिनं स्वतःहून म्हटलं होतं, मला रडून जायचंय. मग चार महिन्यांपासून त्साइमेइ कारखान्यात गोंदाच्या वासात, बुटांचे तळवे चिकटवता चिकटवता, ओठांतल्या ओठांत आपली कडवी जुळवत होती. शेजारची बाई विचारायची, "काय पुटपुटतेस ग?" ती म्हणायची, "शिव्या." ते खरंही होतं. रजा द्यायला मुकादमानं इतके दिवस लावले होते की ती तीन दिवस आधी पोचायची ती आता आदल्याच रात्री पोचत होती.

बाहेर पडायची वाट उतारावर वळत खाली जाते. तिघंही त्या वाटेनं, कठड्याला चिकटून, चालत निघाले. टोलनाक्याच्या पिवळ्या दिव्यांत पोचले तेव्हा आतल्या पहारेकऱ्यानं सवयीनं शिटी वाजवली. "चालत यायचं नसतं इथून! मरायचंय का?"

"मरायला नाही आले, उतरवलं म्हणून आले!" त्साइमेइ म्हणाली आणि थेट टोलच्या खिडकीशी गेली. आत एक गोरटेली पोरगी गळपट्टा गुंडाळून बसली होती. "बाळ, मातांगचं तोंड बंद आहे का धुक्यानं?"

"नाही, मावशी. बंद केलं तर इथं फळ्यावर येतं. आत्ता दहा मिनिटांपूर्वी तिकडून शिरलेला ट्रक इथं बाहेर पडला."

त्साइमेइनं गाठोडी खाली ठेवली. डोक्याला लागलेलं आत्ता दुखायला लागलं. "म्हणजे खोटं बोलला तो."

पोरीनं खांदे उडवले, काच सरकवली आणि मागून आलेल्या गाडीचं कार्ड घेतलं. तिचा काय दोष? पण त्साइमेइच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच.

टोलनाक्याबाहेर मोकळी जागा. एका पत्र्याच्या पिंपात लाकडं जळत होती आणि भोवती आठ-दहा मोटारसायकलवाले हात शेकत होते. त्यांच्या हँडलना ऊन-पावसासाठी छत्र्या बांधलेल्या, गुडघ्यांवर जुन्या रजयांचे तुकडे. बाजूला दोन-तीन पावाच्या लादीसारख्या चौकोनी व्हॅन. त्यातल्या एकीचा धनी, काळं चामडी जाकीट घातलेला छिन, हात पसरून पुढे आला.

"मातांगची तिघं ना? या, या. गाडी गरम ठेवलीय. चढा."

दोघं गडी चढलेसुद्धा. त्साइमेइ जागची हलली नाही.

"तुला कसं कळलं तिघं येणार म्हणून?"

"मावशी, एवढ्या थंडीत चौकशी कशाला? बसा. घाटातून माणशी शंभर युआन."

"शंभर! दिवसा पस्तीस घेतात."

"दिवसा मग दिवसा या," छिन म्हणाला आणि शेकोटीकडे बघून हसला. तिथले काही हसले.

त्साइमेइ शेकोटीकडे वळली. एका म्हाताऱ्या मोटारसायकलवाल्याजवळ गेली. हेल्मेटखाली लोकरीची टोपी, दाढी पांढरी. "काका, मातांगच्या पलीकडे माझ्या गावाला, शांगपाला नेता? किती घ्याल?"

म्हातारा फंग. या नाक्यावर सगळ्यात जुना. त्यानं बघितलं छिनकडे, मग तिच्याकडे, मग शेकोटीत एक काटकी सरकवली. "मुली, तुला नेलं असतं. पण तू त्याची आहेस."

"कोणाची?"

"छिनची. त्यानं घेतलंय तुम्हाला. कंडक्टरला डोक्यामागे वीस युआन देतो तो, आणि नव्या वर्षाला दारूच्या बाटल्या. म्हणून मातांगची माणसं इथं उतरतात. मातांगला उभे असणारे देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी उतरत नाही. घेतलेल्या माणसाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा नाक्याचा नियम आहे."

"मी काय डुकराचं पिल्लू आहे?"

"तसंच म्हणतात याला," फंग शांतपणे म्हणाला. "डुकराची पिलं विकणं. शब्द माझा नाही."

त्साइमेइनं खिशातलं तिकीट चाचपलं. पैसे तिनं मातांगपर्यंतचे भरले होते. मातांगच्या तोंडाशी उतरवायचं कबूल करून घेतलं होतं. कंडक्टरनं मान डोलावली होती. वाटेत जेवणासाठी थांबले तेव्हा त्यानंच विचारलं होतं, "लग्नाला चाललात?" आणि तिनं भाबडेपणानं सांगितलं होतं, हो, मुलीचं, उद्या पहाटे. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं माहीत असून त्यानं तिला घाटाच्या चुकीच्या बाजूला विकलं, आणि वर मिठाई मागितली.

"पोलिसांना फोन करते मी."

"करा," एक तरुण मोटारसायकलवाला म्हणाला. "ते म्हणतील, बस कुठली? नंबर? मग म्हणतील, ती तर पुढच्या जिल्ह्यात गेली. मग म्हणतील, मावशी, सकाळी कार्यालयात या."

"आणि बसचा नंबर मागून काढता येतो का काही? चुकीच्या तोंडाला उतरवलं तर पैसे परत मिळतात का?" त्साइमेइनं विचारलं.

एकदोघांनी हात पुन्हा शेकोटीवर धरले. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

ती बाजूला गेली आणि घरी फोन लावला. काकीनं उचलला. काकी म्हणजे तिच्या दिराची बायको. यानली तिच्याच हाताखाली वाढली. फोनमागे बायकांचा गलबला ऐकू येत होता, मधूनच एखादं कडवं, मग हसू.

"जाऊबाई, मी छाडियनला आहे. चुकीच्या जागी उतरवलंय."

"छाडियन!" काकी ओरडली, आणि मागचं कडवं मध्येच तुटलं. "अग, मग तू पोचणार कधी? इथं सगळ्या जमल्यात. पोरगी अंघोळ करून बसलीय."

"तिला दे."

यानलीचा आवाज आला. सपाट. लहानपणापासून फोनवर तिचा आवाज असाच यायचा, खालच्या आवाजात, दुसऱ्याच्या घरी बोलावं तसा. "आई, असू दे. काकी बसल्यात माझ्याजवळ. तू सावकाश ये, नाही जमलं तर सकाळी भेटू."

सकाळी काय भेटायचं? सकाळी ती लाल कपड्यांत डोकं झाकून उंबऱ्याबाहेर पडणार. सकाळी भेटते ती दुसऱ्याची सून.

"यानली, ऐक—"

तेवढ्यात तिच्या पायाशी काहीतरी सरकलं. छिननं तिची लाल पट्ट्यांची मोठी पिशवी उचलली होती आणि तो व्हॅनकडे निघाला होता. हा त्यांचा जुना खाक्या. बॅग गाडीत गेली की माणूस मागोमाग येतोच.

"चला, चला, बोलणं गाडीत करा. हे दोघं ताटकळलेत."

"ठेव ती खाली!"

"मावशी, मी तुमच्याच भल्यासाठी—"

"खाली ठेव म्हणते!"

व्हॅनमधल्या गड्यांपैकी एकानं मान बाहेर काढली. "मावशी, बसा ना हो. आमची पोरंबाळं पण वाट बघतायत."

"तुम्हाला विकलंय, आणि तुम्ही वर गादीवर बसलात!" त्साइमेइ म्हणाली. तिच्या एका हातात फोन तसाच होता. दुसऱ्या हातानं तिनं पिशवीचा बंद पकडला. छिन एका बाजूनं ओढत होता, ती दुसऱ्या बाजूनं. आणि मग, कसं ते तिलाही कळलं नाही, तिच्या तोंडून बोलणं निघायच्या ऐवजी सूर निघाला. उंच, ओढलेला, शेवटी हुंदक्यासारखा मोडणारा. लग्नाच्या रात्रीचा सूर.

*अरे मध्यस्था, तुझ्या जिभेला हाड नाही,*
*इकडं जेवलास, तिकडं जेवलास, पोटाला तुझ्या बूड नाही.*

शेकोटीभोवतीची डोकी वळली. मग कोणीतरी खी-खी करून हसलं. "अरे, ही तर मध्यस्थाला शिव्या घालतेय!"

हो. त्या रडण्यातलं हे सगळ्यात आवडतं कडवं असतं. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाला मुलगी तोंडावर शिव्या घालते, सगळ्या गावासमोर, मनसोक्त. आणि मध्यस्थानं मान खाली घालून ऐकायचं असतं. उलट बोलायचं नाही, रागवायचं नाही, गाणं संपेपर्यंत जायचं नाही. त्साइमेइ स्वतः नवरी होती तेव्हा तिनं इतका वेळ शिव्या घातल्या होत्या की बिचाऱ्या मध्यस्थ बाईनं शेवटी बसायला स्टूल मागितला होता.

छिनही त्याच डोंगरातला. त्याच्या हातातून पिशवीचा बंद सुटला.

"मी काय मध्यस्थ आहे का?" तो म्हणाला.

"उत्तर देऊ नकोस!" फंग काका ओरडला. "गाणं चालू असताना उलट बोललास तर वर्षभर घरात भांडण. माहीत नाही का तुला?"

त्साइमेइ थांबली नव्हती. तिचे डोळे अंधारात, त्या निघून गेलेल्या बसवर.

*वीस नाण्यांत विकलीस मला, पावतीसुद्धा दिली नाही,*
*डुकरीण घेताना माणूस दात बघतो, तू माझं तोंड पाहिलं नाही.*
*धुकं म्हणालास. धुकं कुठाय? धुकं तुझ्या डोळ्यांत.*
*रस्ता म्हणालास बंद आहे. रस्ता तुझ्या खिशात.*

"वाहवा!" एका मोटारसायकलवाल्यानं हँडलवर थाप मारली. "छिन, तुझा खिसा दाखव रे!"

"आणि कंडक्टरचा?"

"त्याचा वाटा तो घेऊन गेला! शिव्या मात्र छिनच्या वाट्याला!"

छिन हसायचा प्रयत्न करत होता, पण मान वर उचलत नव्हता. एक पाय पुढे टाकायचा, मग मागे घ्यायचा. त्याचे कान लाल झाले होते. टोलच्या खिडकीतली पोरगी काच उघडून वाकून ऐकत होती आणि पहारेकऱ्याची शिटी त्याच्या हातातच राहिली होती.

मग सूर बदलला. शिव्यांचा टोकदारपणा गेला आणि खाली काहीतरी जड उरलं.

*चौदा वर्षं तळवे चिकटवले, परक्यांच्या पायांत घातले,*
*माझ्या लेकीच्या पायाचं माप मला फोनवरून कळले.*
*तिचे दुधाचे दात पडले, तिला ताप आला, तिला शाळेनं बक्षीस दिलं,*
*मी तेव्हा कुठं होते? कुठं होते? कोण मला विचारील?*
*आजची एक रात्र माझी होती, एकच रात्र मागितली,*
*तीही तुम्ही वाटेत उतरवली, तीही तुम्ही विकली.*

शेवटच्या ओळीवर आवाज फाटला. थंडीत, धुक्यात, रिकाम्या पोटी इतका उंच सूर धरल्यावर दुसरं काय होणार? ती खोकली, पुन्हा सूर लावायला गेली आणि नुसतीच हवा आली.

व्हॅनमधले दोघं गडी कधीच खाली उतरले होते. "आमचीपण बॅग काढ रे," त्यांच्यातला एक म्हणाला. "शंभर काय, दहाही देत नाही. मावशी म्हणते ते खरं आहे. मी इतक्या वेळा असा उतरलो, मला वाटायचं खरंच धुकं असतं."

"अरे पण मी घेतलं नसतं तर दुसऱ्यानं घेतलं असतं!" छिन म्हणाला. गाणं थांबलं होतं, म्हणून आता तो बोलू शकत होता. "मी एकटाच का खातो शिव्या? तो कंडक्टर तिकडं झोपलाय. महिन्याला मलाच दम देतो, तू वाढवून दे, नाहीतर अलीकडच्या नाक्यावाल्याला देतो. मला हौस आहे का?"

"हौस नाही, पण पैसे तर घेतोस," फंग म्हणाला. तो उठला. गुडघ्यावरची रजई झटकून त्यानं हेल्मेट काढलं. "हे बघ छिन. नाक्याचा नियम मीच केला होता, तेव्हा इथं चारच मोटारसायकली होत्या. घेतलेल्या माणसाला दुसऱ्यानं हात लावू नये म्हणजे मारामारी होत नाही. पण डोंगराचा नियम त्याच्याहून जुना आहे. शिव्या खाल्लेल्या मध्यस्थाचं पुढचं काम काय?"

छिननं बुटानं एक खडा उडवला.

"सांग ना."

"नवरी घरी पोचवायची," छिन पुटपुटला.

"मग शिव्या तर खाल्ल्यास. पोटभर. आता पोचव. आणि पैसे घेतलेस तर ते शिव्यांचेही पैसे होतात, ते घेणाऱ्याचं बरं होत नाही."

"पण ही नवरी नाही, नवरीची आई आहे!"

"मग आणखी लवकर पोचव," फंग म्हणाला, आणि शेकोटीभोवती हशा पिकला.

त्साइमेइला छिनच्या गाडीत बसायचं नव्हतं. ज्यानं विकत घेतलं त्याच्याच गाडीत? तिनं फंगकडे बोट दाखवलं, मोटारसायकलकडे दाखवलं, पण घशातून शब्द निघेना. फंगनं मान हलवली. "घाटावर बर्फ धरलाय, मुली. माझी चाकं गुळगुळीत आहेत. तुला रागावर जायचंय की लेकीकडं?"

ती चढली. पिशवी मांडीवर घेऊन बसली, गाठोडी पायाशी. दोघं गडी मागे. छिननं काच पुसली आणि गाडी घाटाला लावली.

घाट लांब होता आणि छिन फार हळू चालवत होता. वळणावर वळणावर बाहेर मान काढून बघत होता, कारण दिव्यांत धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. गाडीच्या एका खिडकीची काच उतरलेली, ती वर होत नव्हती. त्साइमेइनं गळपट्टा गळ्याभोवती गुंडाळला आणि मध्येच घसा दाबून सूर लावून बघितला. काही नाही. कुजबुज निघत होती तीही फाटकी.

"मावशी, गरम पाणी आहे," छिन म्हणाला आणि आपली चहाची बाटली पुढे केली. तिनं घेतली नाही. मग घेतली. पिऊन परत दिली आणि कुजबुजली, "ज्यानं विकलं तो झोपलाय. ज्यानं घेतलं तो रात्र जागतोय. तुला हे बरोबर वाटतं?"

"वाटून काय करू?"

"त्याला पुढच्या वेळी नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर तो तुम्हाला अजून अलीकडच्या नाक्यावर विकेल. तिथं तर घाट दोन आहेत."

तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. हे खरं होतं, पण त्यामुळे राग कमी झाला नाही.

गड्यांना मातांगला सोडून शांगपाला पोचले तेव्हा कोंबडा आरवून झाला होता. घरासमोर लाल कागदाचे कंदील, अंगणात जेवणाची टेबलं उलटी करून ठेवलेली, आणि रस्त्याच्या कडेला नवऱ्याकडच्या तीन गाड्या फुलं बांधून उभ्या. त्साइमेइचा नवरा, तोही बाहेरगावच्या कामावरून आलेला, दाराशी उभा होता, डोळे तांबारलेले. त्यानं तिला काही विचारलं नाही, हातातलं ओझं घेतलं. "आत जा," एवढंच म्हणाला. "लवकर."

आतल्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध लाल पलंगावर यानली, लाल जाकिटात, केस वर बांधलेले. तिच्या शेजारी, आईच्या जागेवर, काकी. काकीचे डोळे सुजलेले. ती जागेवरून लगेच उठली नाही. का उठावं? चौदा वर्षं ती जागा तिचीच होती.

त्साइमेइ तिच्यासमोर उभी राहिली. चार महिने घोकलेली कडवी तिच्या जिभेवर होती. तिनं तोंड उघडलं. घरघर झाली, त्यापलीकडे काही नाही. खोलीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. तिनं घशावर हात ठेवला आणि रडू कोसळलं, पण त्यालाही आवाज नव्हता.

"आई, इकडं ये," यानली म्हणाली. तिनं पलंगावर दुसऱ्या बाजूला जागा केली. "तुझं म्हणून झालंय."

त्साइमेइला समजलं नाही.

"फोन चालूच होता," काकी म्हणाली आणि नाक पुसलं. "तू बंदच केला नव्हतास. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला काय शिव्या घातल्यास ग! इथं तर आत्याबाई हसून हसून उशीवर पडल्या. आणि मग..." काकी थांबली. "मग कोणी हसलं नाही."

यानलीनं आईचा हात हातात घेतला. तळव्यावर गोंदाचे जुने पिवळे डाग होते, कितीही घासले तरी न जाणारे. ती त्या डागांवरून बोट फिरवत राहिली आणि मग गायला लागली. तिचा आवाज फोनवर यायचा तसा नव्हता. भरलेला होता आणि रागाचा होता.

*आई ग आई, दोन्ही कानांनी ऐक, आता माझी पाळी,*
*शाळेच्या बैठकीला काकी आली, तापात काकीच जागली.*
*तू सणाला यायचीस, गाठोडं सोडायच्या आत बांधायचीस,*
*जाताना मागं वळून बघायची नाहीस, मी दाराआड असायची.*
*मला वाटायचं तुला यायचंच नसेल, गाडी मिळते ना सगळ्यांना,*
*आज कळलं, आई, वाटेत कोण कोण विकतं माणसांना...*

ती गात होती आणि त्साइमेइ ऐकत होती. मान डोलवणं, हात दाबणं, तेवढंच तिच्याकडे उरलं होतं. काकीही रडत होती, दुसऱ्या बाजूनं. कडव्यामागून कडवं येत होतं, चौदा वर्षांचं, एकेक सणाचं, एकेक फोनचं.

बाहेर फटाक्यांची माळ फुटली. नवऱ्याकडचा प्रमुख, गळ्यात लाल फीत घातलेला माणूस, दाराशी आला. "वेळ झाली हो! ज्योतिष्यानं सांगितलेली वेळ. सूर्य वर यायच्या आत निघायला हवं. घाटावर बर्फ आहे, वाट लांब आहे. चला, नवरीला उचला!"

यानलीचा आवाज एका ओळीवर अडखळला.

त्साइमेइ उठली. बायकांमधून वाट काढत ती दाराशी गेली आणि दोन्ही हात चौकटीवर ठेवून उभी राहिली.

"ताई, बाजूला व्हा," तो माणूस म्हणाला. "सगळं ठरलंय. गाड्या सुरू केल्यात."

ती बोलू शकली नाही. तिनं मान हलवली. नाही.

"अहो पण वाट—"

तिनं पुन्हा मान हलवली. वाट कशी असते, किती लांब असते, आणि ती कोण ठरवतं, हे त्या रात्री तिच्याइतकं कोणाला कळलेलं नव्हतं. तो माणूस आतल्या बायकांकडे बघू लागला, मग तिच्या नवऱ्याकडे. नवरा कंदिलाकडे बघत राहिला.

मागे, खोलीत, यानलीनं दीर्घ श्वास घेतला आणि अर्धवट राहिलेली ओळ पहिल्यापासून सुरू केली.